अष्टमीचा अर्धा चंद्र, पृथ्वीची सावली आणि तीनपैकी शून्य मार्क. नक्की चुकलं कुठं?

राजारामपुरीची_आई
नमस्कार मंडळी. माझी मुलगी आठवीत आहे, आकाशाचं तिला लहानपणापासून वेड आहे, आणि गेल्या महिन्यात तिनं खगोलशास्त्राची एक स्पर्धा परीक्षा दिली. परवा तपासलेला पेपर हातात आला. बाकी सगळं छान आहे पण एका प्रश्नाला तीनपैकी शून्य आहे आणि तेव्हापासून ती नीट जेवलेली नाही.

प्रश्न असा होता: "शुद्ध अष्टमीच्या संध्याकाळी चंद्र अर्धाच का दिसतो? आकृती काढून कारण लिहा."

तिनं लिहिलेलं जसंच्या तसं देते: "सूर्य आणि चंद्र यांच्यामध्ये पृथ्वी येते. त्यामुळे पृथ्वीची सावली चंद्राच्या अर्ध्या भागावर पडते व तो भाग दिसत नाही. ही सावली रोज थोडी थोडी सरकते म्हणून चंद्राच्या कला बदलतात."

तपासणाऱ्यांनी 'सावली' शब्दाखाली दोन रेघा ओढल्यात आणि शेजारी लाल पेनानं लिहिलंय "हे ग्रहण झाले". बास, एवढंच. मला स्वतःला पण लहानपणापासून असंच माहिती आहे, तिच्या बाबांना पण, आणि खरं सांगायचं तर तिला हे मीच सांगितलं होतं, ती पाचवीत असताना गच्चीवर. म्हणून जास्त लागलंय. फेरतपासणीचा अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. द्यावा का? आणि सावली नाही तर मग उरलेला अर्धा चंद्र जातो कुठं?

गुळाची_ढेप
ताई, मुलीचं बरोबर आहे, अर्ज नक्की द्या. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते हे मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय. ७ सप्टेंबर २०२५ ला आम्ही चारपाच जण रंकाळ्यावर बसलो होतो, ढग होते पण मधेमधे फट पडायची, दहाच्या सुमारास कडेनं काळं व्हायला लागलं आणि अकराला अख्खा चंद्र तांबडा झाला, तांब्याच्या हंड्यासारखा. ती पृथ्वीचीच सावली होती, पेपरला पण तसंच आलं होतं. मग शून्य कसं देतात?

दुर्बीणवाला
ढेपराव, तुम्ही बघितलंत ते शंभर टक्के खरं, पण ती पौर्णिमा होती, भाद्रपदातली. प्रश्न अष्टमीचा आहे. सगळी गोम त्या तिथीत आहे.

ताई, अर्ज द्यायच्या आधी एक गोष्ट करून बघा, पुस्तक नको काही नको. शुद्ध अष्टमीला सूर्य मावळायच्या वेळी रंकाळ्याच्या चौपाटीवर पाण्याकडं तोंड करून उभ्या राहा. सूर्य समोर पश्चिमेला, पाण्यापलीकडं बुडतोय. चंद्र कुठं असतो त्या वेळी? जवळपास डोक्यावर. मान पूर्ण वर करावी लागते. आता सांगा, तुमची सावली कुठं पडली असेल? पाठीमागं, पूर्वेला. पृथ्वीची सावली पण तशीच, सूर्याच्या बरोबर उलट बाजूला, म्हणजे पूर्वेच्या क्षितिजावर. चंद्र डोक्यावर आणि सावली क्षितिजावर, मधे अर्धं आभाळ मोकळं. ती सावली चंद्राला लागणार कशी?

हे नुसतं कल्पनेतलं नाही बरं का, ती सावली दिसते. थंडीत आकाश स्वच्छ असताना पन्हाळ्यावर जा, सगळे सूर्यास्ताकडं बघत असतात, तुम्ही पाठ फिरवून पूर्वेकडं बघा. सूर्य बुडाल्यावर पाचदहा मिनिटांत खाली क्षितिजालगत राखाडी-निळा पट्टा वर चढताना दिसतो आणि त्याच्या वर गुलाबी झाक असते. तो निळा पट्टा म्हणजे आपल्याच हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. अष्टमीला बघितलंत तर एका नजरेत कळतं की ही सावली तिकडं खाली आणि चंद्र इकडं वर आहे, दोघांचा काही संबंध नाही.

ऊसपट्टा_शिरोळ
दुर्बीणवाले साहेब म्हणतात ते मला वेगळ्या बाजूनं माहिती हाय. आमच्याकडं शेतीपंपाला लाईट कधी दिवसा कधी रात्री, रात्रीची पाळी आली की उसाला पाणी पाजायला रात्रभर बांधावर. चंद्राशिवाय सोबतीला कोण नसतंय. तर शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतोय, आणि वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या आसपास उगवतोय, म्हणजे पहिल्या पाळीला उजेड नाही आणि दुसऱ्या पाळीला हाय.

पण सांगायचं म्हणजे, वद्य अष्टमीला सकाळी मोटर बंद करून घराकडं येताना सूर्य उगवून वर आलेला असतोय, तोंडावर ऊन असतंय, आणि तोच अर्धा चंद्र अजून वर आभाळात असतोय, पांढरट. दोघं बी एकाच वेळी आपल्या डोसक्यावर. मग पृथ्वी दोघांच्या मधी कुठनं आली? पृथ्वी तर माझ्या पायाखाली हाय. मी दहावी नापास माणूस, पण हे मला कधीच पटलं नव्हतं, कुणाला विचारायचं म्हणून गप्प बसलोय. आज विषय निघाला म्हणून लिहिलं.

दुर्बीणवाला
भावा, तपासणाऱ्याच्या मनातलं उत्तर ते हेच. सूर्य आणि अर्धा चंद्र एकाच वेळी आभाळात दिसतात एवढ्या एका गोष्टीवर सावलीचं कारण उडून जातं. त्यापुढं काही सिद्ध करायची गरजच नाही.

राजारामपुरीची_आई
शिरोळच्या भाऊंचं वाचून मी दोन मिनिटं गप्पच बसले. सकाळचा चंद्र मी शेकडो वेळा बघितलाय, मुलीला स्कूलबसला सोडताना दाखवलाय सुद्धा, पण असा विचार कधी केलाच नाही. मग अर्धा भाग काळा कशामुळं? कुणाची तरी सावली असल्याशिवाय काळं कसं होईल?

जुनं_पंचांग
ताई, सावली आहेच. पण पृथ्वीची नाही, चंद्राची स्वतःची. आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये आर्यभटीयात गोलपादात हे सांगून ठेवलंय, की पृथ्वी, ग्रह या सगळ्या गोलांचा अर्धा भाग स्वतःच्याच सावलीनं अंधारलेला असतो आणि सूर्याकडचा अर्धा उजळलेला. 'स्वच्छायया' असा शब्द आहे तिथं. आणि त्याच गोलपादात पुढं चंद्रग्रहणाबद्दल बोलताना मात्र 'भूच्छाया' म्हणतो, पृथ्वीची सावली. दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द. मुलीनं एकाच्या जागी दुसरा घातला.

पंचांगात पण हेच आहे. तिथी म्हणजे काय, तर सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी. सात तिथ्या संपल्या की ८४ अंश, अष्टमी संपते ९६ ला, म्हणजे अष्टमीच्या मध्यावर बरोबर ९० अंश, काटकोन. पौर्णिमा संपते तिथं १८०. सावली कायम १८० वर. म्हणजे आपल्या पंचांगानुसार बघितलं तर अष्टमीचा चंद्र सावलीपासून ९० अंश लांब. अमावस्येला मात्र चंद्र पृथ्वीच्या सावलीत पूर्ण गेलेला असतो म्हणून दिसत नाही.

दुर्बीणवाला
काका, सगळं नेमकं सांगितलंत, स्वच्छाया आणि भूच्छाया हा फरक तर मी माझ्या पुढच्या कार्यक्रमात सांगणार आहे. फक्त शेवटचं वाक्य तुमच्याच हिशोबानं तपासून बघा. अमावस्या संपते ३६० ला, म्हणजे पुन्हा शून्यावर, चंद्र सूर्याच्या बाजूला. आणि सावली तुम्हीच म्हणालात कायम १८० वर. मग अमावस्येचा चंद्र सावलीपासून सगळ्यात लांब झाला की नाही?

अमावस्येला दिसत नाही कारण त्याची उजळलेली बाजू पूर्ण पलीकडं, सूर्याकडं असते, आपल्याकडं त्याची रात्र असते, शिवाय तो सूर्याबरोबरच उगवतो आणि मावळतो. आणि बीज-तृतीयेला कोर बघताना एक लक्ष देऊन बघा, कोरीच्या कुशीतला उरलेला गोल पण मंद राखाडी दिसतो. तो कशानं दिसतो? पृथ्वीवरून परतलेल्या उजेडानं. त्या दिवसांत चंद्रावर उभं राहिलं तर आभाळात जवळजवळ पूर्ण गोल पृथ्वी दिसेल. म्हणजे पृथ्वी त्या भागावर सावली तर टाकत नाहीच, उलट उजेड टाकते.

जुनं_पंचांग
बरोबर आहे तुमचं. १८० आणि ३६० चा हिशोब माझ्याच हातात होता आणि तरी चाळीस वर्षं मी अमावस्येचं असंच सांगत आलो. नोंद घेतली.

कागलच्या_मॅडम
मी हायस्कूलला विज्ञान शिकवते आणि अशा स्पर्धांचे पेपर तपासायला अधूनमधून जाते (हा पेपर माझ्याकडं नव्हता). ताई, एक विचारते, आकृती कशी काढली होती मुलीनं? कारण प्रश्नात आकृती मागितली आहे, साधारण एक मार्क तिचा असतो. कारण चुकलं तरी आकृतीत सूर्य, पृथ्वी, चंद्र योग्य जागी असतील तर मी तरी एक मार्क दिला असता.

राजारामपुरीची_आई
आत्ता पेपर समोर घेऊन बघते. डावीकडं सूर्य, मधे पृथ्वी, उजवीकडं चंद्र, तिन्ही एका रेषेत. पृथ्वीच्या मागं पेन्सिलनं तिरक्या रेघा मारून सावली दाखवली आहे आणि चंद्राचा खालचा अर्धा भाग त्या रेघांत आहे. आकृती खूप सुबक आहे हो, पट्टी लावून काढलीय.

कागलच्या_मॅडम
मग आकृतीचा मार्क पण का गेला ते कळलं. तिन्ही एका रेषेत आणि पृथ्वी मधे ही पौर्णिमेची मांडणी आहे. अष्टमीच्या प्रश्नाला तिनं पौर्णिमेची आकृती काढली, त्यावर अर्धवट ग्रहण दाखवलं आणि म्हणाली ही अष्टमी. अष्टमीला सूर्य-पृथ्वी-चंद्र असा काटकोन यायला हवा होता, म्हणजे तिच्याच आकृतीत चंद्र पृथ्वीच्या वरच्या किंवा खालच्या बाजूला. तेवढं असतं तर सावलीच्या रेघा आपोआपच चंद्रापासून लांब गेल्या असत्या आणि लिहिता लिहिता तिच्याच लक्षात आलं असतं.

हे वर्गात दरवर्षी होतं. आपल्या आकृत्यांत पृथ्वी मोठी, चंद्र तिच्याजवळ चार बोटांवर, त्यामुळं मुलांना वाटतं चंद्र कुठंही गेला तरी सावलीत सापडणार. 'हे ग्रहण झाले' हा शेरा अगदी बरोबर आहे, पण आठवीतल्या मुलीसाठी तो पुरेसा नाही असं माझं मत. अजून एक ओळ लिहायला हवी होती.

ढगांच्यावर_देवगड_ते_कोल्हापूर
मी मुलीची बाजू घेतो. समजा सावली अष्टमीला लांब असते हे मान्य. पण पौर्णिमेनंतर प्रतिपदा, द्वितीया, तृतीया, तेव्हा तर चंद्र सावलीच्या जवळच असतो ना? मग निदान तेव्हा कडेनं जो भाग कमी होत जातो तो सावलीमुळं असू शकतो की. म्हणजे उत्तर अर्धं तरी बरोबर धरायला पाहिजे.

दुर्बीणवाला
चांगला मुद्दा आहे, सोडून देण्यासारखा नाही, म्हणून नीट लिहितो.

आधी सावली केवढी ते बघू. चंद्र आपल्यापासून साधारण ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. तिथवर जाईपर्यंत पृथ्वीची गडद सावली निमुळती होत होत साधारण ९ हजार किलोमीटर रुंद उरते, म्हणजे चंद्राच्या पावणेतीन पट पण नाही. आभाळात ती किती दिसेल? हात पूर्ण लांब करून अंगठा धरा, त्या अंगठ्याच्या रुंदीपेक्षा थोडी कमीच. चंद्र करंगळीच्या निम्म्यात झाकतो. आणि चंद्र ताशी साधारण स्वतःच्या रुंदीएवढा पुढं सरकतो. आता हिशोब करा, एवढ्याशा सावलीतून त्याला पार व्हायला किती वेळ लागेल? तीनचार तास. ढेपरावांनी बघितलेलं ग्रहण ९.५७ ला सुरू झालं आणि रात्री १.२६ ला चंद्र सावलीतून पूर्ण बाहेर आला, साडेतीन तासांत सगळा खेळ संपला. प्रतिपदेच्या रात्री तो सावलीपासून चांगला बारा-पंधरा अंश पुढं निघून गेलेला असतो, लांब हातावरची वळलेली मूठ आणि वर थोडं. कला मात्र पूर्ण फिरायला साडेएकोणतीस दिवस घेतात. तासांची सावली आठवड्यांचं काम करू शकत नाही.

आता दुसरं, आकार, मला स्वतःला हे जास्त आवडतं. घरात दोन-सहाची बांगडी असेल, आतून सहा सेंटिमीटर. आणि साधारण सोळा सेंटिमीटरची नाश्त्याची ताटली. बांगडी म्हणजे चंद्र, ताटली म्हणजे सावली, प्रमाण जवळपास खरंखुरं. बांगडी कागदावर ठेवा आणि ताटली कडेनं हळूहळू तिच्यावर सरकवा. उरलेला भाग बघत राहा. ताटलीची कड बांगडीत नेहमी आत घुसणारी गोलाई काढते, जसं कुणी बिस्किटाचा घास घ्यावा तसं. आता या ताटलीनं मला अष्टमी करून दाखवा, जिच्यात मधली रेघ सरळ असते. होत नाही. आणि एकादशीचा चंद्र करून दाखवा, जो दोन्ही बाजूंनी फुगलेला असतो. ते तर अजिबातच होत नाही, ताटली कशीही फिरवा. गोल सावली चंद्राचा घास घेऊ शकते, त्याला फुगीर ठेवून कमी करू शकत नाही.

अॅरिस्टॉटलनं तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वी हाच फरक पकडला होता. महिन्याच्या कलांमध्ये ती रेघ कधी सरळ, कधी फुगीर, कधी आत वळलेली, पण ग्रहणात मात्र नेहमी गोलच, आणि त्यावरून त्यानं पृथ्वी गोल असल्याचं सांगितलं. म्हणजे मुलीच्या उत्तरातली सावली फार कामाची आहे, फक्त ती ग्रहणाच्या रात्रीची.

गुळाची_ढेप
आत्ता ताटली आणि बायकोची बांगडी घेऊन बसलोय. एकादशी खरंच होत नाही. अष्टमी करायला गेलं की दोन्ही टोकं पुढं येतात, शिंगासारखी. आणि आता आठवतंय, त्या रात्री पण सव्वादहा-साडेदहाला चंद्र असाच दिसत होता, घास घेतल्यासारखा, अष्टमीसारखा सरळ नव्हताच. माझा पहिला प्रतिसाद मागं घेतो.

पण मग एक सांगा, पौर्णिमेला तरी तिन्ही एका रेषेत येतात ना, मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही?

जुनं_पंचांग
राहू-केतू. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला तिरकी आहे, साधारण पाच अंश. दोन वाटा जिथं छेदतात ते दोन बिंदू राहू आणि केतू. पौर्णिमा त्या बिंदूंजवळ पडली तरच ग्रहण, नाहीतर चंद्र सावलीच्या वरनं किंवा खालनं निघून जातो. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात राहू गिळतो, चुकीचं नाही ते.

दुर्बीणवाला
बिंदूंचं काकांनी बरोबर सांगितलं, गिळायचं काम मात्र सावलीच करते, राहू ही फक्त जागा. हाताच्या मापात सांगायचं तर पाच अंश म्हणजे लांब केलेल्या हातावरची तीन बोटं. सावली अंगठ्याएवढी आणि चंद्र तिच्यापासून तीन बोटांपर्यंत वर किंवा खाली जाऊ शकतो, म्हणजे बहुतेक पौर्णिमांना तो चुकवून जातो यात नवल नाही. आणि देवगडवाले दादा, तुमच्या मुद्द्याला हे पण उत्तर आहे, बहुतेक पौर्णिमांना सावली त्याला शिवतच नाही, तरी दुसऱ्या दिवसापासून चंद्र नेमानं घटायला लागतो. सावली न लागता जे होतं त्याचं कारण सावली कसं असेल?

ढगांच्यावर_देवगड_ते_कोल्हापूर
हे पटलं. तरी मार्काच्या बाबतीत मी ठाम आहे. मुलीला एवढं कळलंय की चंद्राला स्वतःचा उजेड नाही आणि सूर्याचा उजेड अडला की अंधार होतो. त्याला अर्धा मार्क तरी हवा.

कागलच्या_मॅडम
पण ते तिनं लिहिलंय का? चंद्र परप्रकाशी आहे हे वाक्य उत्तरात कुठं नाही, आपण ते तिच्या वतीनं वाचतोय. तपासणाऱ्याला कागदावरचंच बघावं लागतं. अर्थात मी तपासला असता तर हात थोडा थबकला असता हे खरं.

राजारामपुरीची_आई
सगळ्यांना उत्तर द्यायला दोन दिवस उशीर झाला, कारण आम्ही वद्य अष्टमीची वाट बघत होतो. आज सकाळी केलं, म्हणून आता लिहिते.

दुर्बीणवाल्यांनी मला व्यनितून सांगितलं होतं की एक पांढरा गोळा घ्या, सकाळच्या उन्हात गच्चीवर जा आणि तो हात लांब करून चंद्राच्या अगदी शेजारी धरा. घरात चेंडू होता तो हिरवा. मी चपात्यांची कणीक मळत होते, त्यातलाच लिंबाएवढा गोळा काढला, मुलीनं विणायच्या सुईला खोचला आणि आठच्या सुमारास आम्ही दोघी गच्चीवर गेलो. सूर्य पूर्वेला समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर आलेला. चंद्र पश्चिमेकडं झुकलेला पण अजून चांगला वर, पुसट पांढरा, अर्धा.

मुलीनं गोळा चंद्राच्या बाजूला नेला. आणि दोन्ही एकसारखे दिसले. अगदी एकसारखे. चंद्राची जी बाजू उजळलेली तीच गोळ्याची, दोन्हीची मधली रेघ त्याच कलानं तिरकी, जणू दोन चंद्र शेजारी शेजारी. गोळ्याचा काळा भाग कुणाच्या सावलीनं काळा नव्हता, आमच्या दोघींची सावली तर गच्चीच्या फरशीवर पडली होती, पश्चिमेच्या कठड्याकडं. तो फक्त गोळ्याचा पाठमोरा भाग होता, ऊन न लागलेला. मग तिनं स्वतःच हात फिरवायला सुरुवात केली, सूर्याकडं नेला तसा गोळा कोरीसारखा बारीक होत गेला (डोळे सूर्याकडं नेऊ नकोस असं मी ओरडत होते), आणि उलट बाजूला, आमच्या सावलीच्या दिशेला नेला तशी अष्टमी, मग फुगीर, मग जवळपास पूर्ण गोल. अगदी शेवटी गोळा खाली नेता नेता तिच्याच डोक्याच्या सावलीत आला आणि एकदम काळा पडला. ती ओरडली, "आई, हे ग्रहण!"

तोच शब्द, जो पेपरवर लाल पेनानं लिहिला होता.

फेरतपासणीचा अर्ज भरून ठेवला होता, पण मुलगीच नको म्हणाली. त्या पेपरच्या कोऱ्या जागेत तिनं पेन्सिलनं नवीन आकृती काढलीय, काटकोनातली, आणि सावली वेगळ्या बाजूला. पाचवीत मी तिला चुकीचं सांगितलं होतं ते आज मी तिला सरळ सांगितलं.

ऊसपट्टा_शिरोळ
ताई लई भारी. कणकेचा गोळा म्हणजे उद्या मी बी करणार, पोरगं सहावीत हाय माझं. चंद्र सकाळी अजून दोनतीन दिवस दिसंल, पण कोर बारीक होत जाईल आणि सूर्याजवळ, बरोबर ना?

दुर्बीणवाला
बरोबर. द्वादशीनंतर सकाळच्या उन्हात शोधायला अवघड जातं, त्यामुळं उद्या परवाच करा. पोरालाच गोळा धरायला द्या, तुम्ही चंद्र दाखवा.

राजारामपुरीची_आई
एक शंका मात्र राहिली आणि ती मुलीची आहे. मागच्या दशमीला संध्याकाळी सूर्य मावळताना तिनं बघितलं होतं की चंद्राची उजळलेली बाजू सूर्याकडं तोंड करून नाहीय, थोडी वरच्या दिशेला बघतेय, जणू सूर्य आभाळात खूप उंच आहे. उजेड सूर्याचाच असेल तर बाण सूर्याकडंच लागायला हवा ना?

दुर्बीणवाला
पोरगीचं निरीक्षण पक्कं आहे, हे खरंच तसं दिसतं. उजेड सरळच येतो, पण आभाळभर पसरलेली इतकी लांब सरळ रेषा आपल्याला वाकडी भासते. एक दोरी घ्या, दोन्ही हातांत घट्ट ताणा, एक टोक चंद्रावर आणि दुसरं मावळतीच्या सूर्यावर येईल अशी डोळ्यासमोर धरा. उजेड-अंधारामधली रेघ दोरीला काटकोनातच येते, म्हणजे उजळलेली बाजू दोरीच्या दिशेनं सूर्याकडंच असते.

कागलच्या_मॅडम
दोरीचं मी केलंय. दोरी जुळते हे खरं, पण दोरी खाली केली की डोळ्याला पुन्हा तिरकंच दिसतं. डोळा असं का करतो याचं मला पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही, कुणाला नीट सांगता आलं तर लिहा.

दुर्बीणवाला
मॅडम, आपण आभाळ सपाट चित्रासारखं बघतो म्हणून, असं मी सांगत आलोय, पण तेवढ्यानं माझं स्वतःचं पण पूर्ण समाधान होत नाही. पुढच्या शुद्ध दशमीला चौपाटीवर येणार असाल तर लांब दोरी घेऊन येतो, साडेपाचपर्यंत या.

राजारामपुरीची_आई
आम्ही दोघी येतोय. कणीक घेऊन.